मासोळी, धबधबा आणि कृष्णविवर

कृष्णविवरावरच्या व्हिडिओची संहिता लिहायला बसलं की उपमा आपणहून पुढ्यात येऊन उभ्या राहतात. सगळं ओढून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर, ताणलेल्या रबरी चादरीवर ठेवलेला जड गोळा, तळ नसलेली विहीर. शाळेतल्या मुलांसाठी मराठीतून विज्ञानाच्या संहिता लिहिणं हे माझं काम, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो तो उपमा निवडण्यात. कारण चौदा-पंधरा वर्षांचं मूल उपमा ऐकून तिथेच थांबत नाही. ते ती पुढे चालवतं, तिच्यावरून आपले आपण निष्कर्ष काढतं, आणि व्हिडिओतलं बाकी सगळं विसरलं तरी ते निष्कर्ष त्याच्याजवळ राहतात. म्हणून उपमा सोपी आहे की नाही, हे मी नंतर बघते. तिचं बोट धरून मूल आणखी एक पाऊल टाकेल तेव्हा कुठे पोचेल, हे आधी बघते.

हे बघण्याची पद्धत साधी आहे. संहितेचा कच्चा मसुदा नववी-दहावीच्या मुलांसमोर वाचायचा आणि "समजलं का?" असं अजिबात विचारायचं नाही. त्याला सगळी मुलं "हो" म्हणतात. विचारायचं ते व्हिडिओत न सांगितलेलं काहीतरी. माझा ठरलेला प्रश्न असा: आपला सूर्य उचलून त्याच्या जागी अगदी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीचं काय होईल?

व्हॅक्यूम क्लीनरची उपमा ऐकलेली मुलं जवळजवळ एकमुखाने सांगतात की पृथ्वी आत खेचली जाईल. खरं उत्तर असं की पृथ्वीच्या कक्षेत काहीच फरक पडणार नाही. ती आत्तासारखीच सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरत राहील आणि वर्ष तेवढंच राहील. उजेड आणि ऊब जाईल, आपण गोठून मरू. पण आत पडणार नाही. कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण दुरून कुठल्याही तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यासारखंच असतं. वेगळेपण आहे ते फक्त अगदी जवळ जाता येण्यात. सूर्याच्या केंद्रापासून सात लाख किलोमीटरवर त्याचा पृष्ठभाग लागतो आणि वाट अडते. तेच वस्तुमान तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबलं की पृष्ठभागाचा अडसर उरत नाही.

रबरी चादरीचं दुखणं निराळं आहे. ती दिसायला सुंदर आहे, वर्गात करून दाखवता येते, त्यामुळे शिक्षकांनाही आवडते. पण एका वाचनात नववीतल्या मुलीने विचारलं, "चादरीवर गोटी खड्ड्याकडे घरंगळते, कारण खालून पृथ्वी तिला ओढते. मग अवकाशाच्या चादरीखाली कोण ओढतंय?" प्रश्न अगदी बरोबर जागी लागलेला आहे. गुरुत्वाकर्षण समजावायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरतोय, हे तिने पकडलं. शिवाय चादर दाखवल्यावर मुलांना कृष्णविवराचं चित्र काढायला सांगा. बहुतेक जण नरसाळं काढतात, वरून तोंड उघडं आणि खाली निमुळतं. म्हणजे आत जायचं ते वरूनच, आणि बाजूने गेलं तर काही होत नाही, असा त्यांचा समज होतो. खरं कृष्णविवर सगळ्या बाजूंनी सारखंच, गोल असतं.

या दोन्ही उपमा ज्या प्रश्नापाशी मुलाला एकटं सोडतात, तो प्रश्न म्हणजे प्रकाश बाहेर का येत नाही. "गुरुत्वाकर्षण फार जास्त, म्हणून" हे उत्तर ऐकून मूल वर फेकलेल्या चेंडूचा विचार करतं. प्रकाश थोडा वर जात असेल, दमत असेल आणि परत पडत असेल. तसं होत नाही. आतला प्रकाश सीमेपर्यंत येऊन परत फिरत नाही, बाहेरच्या दिशेने तो तसूभरही सरकत नाही. हे सांगायला जी उपमा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, ती नदीची. 1981 मध्ये विल्यम अनरू या भौतिकशास्त्रज्ञाने वाहत्या द्रवातला ध्वनी आणि कृष्णविवराजवळचा प्रकाश यांच्यातलं साम्य गणिताने मांडलं, आणि तेव्हापासून या विषयातले लोक ती वापरत आले आहेत.

एक नदी धबधब्याकडे निघाली आहे. वरच्या अंगाला पाणी संथ आहे, धबधबा जवळ येतो तसा वेग वाढत जातो. या पाण्यावर उठणारे तरंग पाण्याच्या हिशेबात सेकंदाला 2 मीटर जातात, कमी नाही आणि जास्त नाही, असं धरू. (खऱ्या पाण्यात तरंगाचा वेग त्याच्या लांबीवर आणि खोलीवर अवलंबून असतो; आपली नदी त्या बाबतीत सरळ आहे.) आता नदीत एक जागा अशी येणारच, जिथे पाणीही सेकंदाला बरोबर 2 मीटर वाहतं. तिच्या अलीकडे उठलेला तरंग हळूहळू का होईना, वर सरकतो. तिच्या पलीकडे उठलेला तरंग वरच्या दिशेने पूर्ण वेगाने निघतो आणि तरीही खालीच जातो, कारण ज्या पाण्यावर तो चालला आहे तेच जास्त वेगाने खाली चाललं आहे. त्याला कोणी धरलेलं नाही, तो दमलेलाही नाही. नदीतली ही रेषा म्हणजे कृष्णविवराचं घटना क्षितिज.

त्या रेषेवर काही नसतं, ना भिंत, ना भोवरा, ना पाण्याचा बदललेला रंग. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्याला ती कधी ओलांडली हे कळत नाही. चादरीच्या उपमेत हे सांगायला वेगळं वाक्य घालावं लागतं आणि मुलं ते विसरतात. नदीत ते आपोआप दिसतं.

पहिल्या मसुद्यांमध्ये लेखक नदीत पोहणारा मुलगा घालतात. मी ते टाळते. पावसाळ्यात नद्या-धबधब्यांवर पोरं वाहून गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि प्रवाहाशी झुंजणारा मुलगा पडद्यावर दाखवला की वर्गाचं लक्ष विज्ञानावरून त्याच्या जिवाकडे जातं. म्हणून आमच्या नदीत मासोळी आहे. ती पोहत नाही, पाण्याबरोबर वाहते आणि मधूनमधून शेपटी आपटून तरंग सोडते. वरच्या अंगाला तिचा मित्र एका जागी थांबून ते तरंग मोजतो.

आता आकडे घालू, कारण ही उपमा आकडे घातल्यावरच आपलं खरं काम करते. रेषेवर पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर. तिथून वर प्रत्येक मीटरला तो 0.1 ने कमी होतो असं धरा. म्हणजे रेषेपासून 10 मीटर वर पाणी सेकंदाला 1 मीटर वाहतं. मित्र तिथेच थांबला आहे. मासोळी त्याच्या शेजारून निघताना पहिला तरंग सोडते, दुसरा रेषेपासून 1 मीटरवर, तिसरा 10 सेंटिमीटरवर आणि चौथा 1 सेंटिमीटरवर.

मासोळीच्या बाजूने सगळं झटपट उरकतं. पहिल्या आणि दुसऱ्या तरंगात साधारण 6.4 सेकंद जातात, दुसऱ्या आणि तिसऱ्यात अर्ध्या सेकंदाहून कमी, आणि तिसऱ्या-चौथ्यात तर सेकंदाचा विसावा हिस्सासुद्धा नाही. लगेच ती रेषा ओलांडते.

मित्राकडे काय पोचतं? रेषेपासून 1 मीटरवर पाणी सेकंदाला 1.9 मीटर वेगाने खाली चाललं आहे, म्हणून तरंग वर चढतो तो सेकंदाला फक्त 10 सेंटिमीटर. 10 सेंटिमीटरवरचा तरंग सुरुवातीला सेकंदाला 1 सेंटिमीटर चढतो आणि 1 सेंटिमीटरवरचा 1 मिलिमीटर. हिशेब केला तर 1 सेंटिमीटरवरून 10 सेंटिमीटरवर यायला 23 सेकंद लागतात, तिथून 1 मीटरवर यायला आणखी 23 आणि तिथून मित्रापर्यंत पुन्हा 23. म्हणून मित्राला पहिला तरंग लगेच मिळतो, दुसरा साधारण 29 सेकंदांनी, तिसरा 53 सेकंदांनी आणि चौथा 76 सेकंदांनी. मासोळीने डोळ्याचं पातं लवायच्या आत लागोपाठ सोडलेले शेवटचे दोन तरंग मित्राकडे 23 सेकंदांच्या अंतराने पोचतात. रेषेवरच सोडलेला तरंग कधीच पोचत नाही.

"कृष्णविवराच्या काठावर वेळ थांबते" हे वाक्य मुलांनी कुठून ना कुठून ऐकलेलं असतं, आणि आत पडणारा माणूस काठावर गोठून उभा राहतो असा त्याचा अर्थ त्यांनी लावलेला असतो. नदीचा हिशेब फळ्यावर मांडला की ती गाठ सुटते. मासोळीचं काहीच थांबलेलं नाही, ती केव्हाच पुढे गेली. थांबल्यासारखं दिसतं ते तिच्याकडून येणाऱ्या निरोपांमुळे. आणि दोन तरंगांतलं अंतर वाढलं म्हणजे तरंगलांबी वाढली, म्हणून तिच्याकडून येणारा प्रकाश तांबूस होत होत डोळ्यांना दिसण्यापलीकडे जातो आणि मंदावतो. गोठलेलं चित्र आकाशात कायमचं लटकत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर धनू A* नावाचं, सूर्याच्या सुमारे 43 लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्यात पडणारी वस्तूही दुरून बघणाऱ्याला काही मिनिटांत दिसेनाशी होईल. दहा सूर्यांच्या कृष्णविवराजवळ हे सेकंदाच्या अगदी बारीक अंशात उरकतं.

हीच नदी आणखी एक गोष्ट फुकटात देते. मासोळीचं तोंड रेषेच्या दिशेला असेल, तर तोंडापाशी पाणी शेपटीपेक्षा जास्त वेगाने धावतं, म्हणून ती ताणली जाते. किती ताणली जाईल, हे पाण्याचा वेग किती यावर ठरत नाही. तो जागोजागी किती झपाट्याने बदलतो यावर ठरतं. दहा सूर्यांच्या कृष्णविवराचं क्षितिज केंद्रापासून 30 किलोमीटरवर असतं. एवढ्या छोट्या जागेत वेग इतका झपाट्याने वाढतो की दोन मीटर लांबीच्या वस्तूच्या दोन टोकांमधला ताण पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाच्या दोन कोटी पट होतो. क्षितिजाच्या पुष्कळ आधीच तिचे तुकडे होतील. धनू A*चं क्षितिज सव्वा कोटी किलोमीटरवर आहे. तिथे वेग तेवढाच, पण चढण लांबलचक, आणि ताण गुरुत्वत्वरणाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका. म्हणजे मोठ्या कृष्णविवराचं क्षितिज ओलांडताना काही जाणवणार नाही आणि छोट्याच्या जवळपासही फिरकता येणार नाही. मुलांना हे उलटं वाटतं. त्यांना दोन नद्या आखून दिल्या, एक कड्यावरून एकदम कोसळणारी आणि एक मैलोन्‌मैल हळूहळू वेग घेणारी, की ती स्वतःच उत्तर काढतात.

या उपमेवर माझा एवढा विश्वास का, याचं कारण तिच्या पाठीमागच्या गणितात आहे. कार्ल श्वार्झशिल्डने 1916 मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची जी उकल दिली, तीच 1921-22 च्या सुमाराला फ्रेंच गणिती पॉल पँलव्हे आणि स्वीडिश नेत्रतज्ज्ञ अल्वार गुलस्ट्रँड यांनी स्वतंत्रपणे वेगळ्या रूपात मांडली. पँलव्हे फ्रान्सचे पंतप्रधान झाले होते, गुलस्ट्रँड यांना डोळ्यांवरच्या कामासाठी 1911 चं नोबेल मिळालं होतं, आणि दोघांनाही सापेक्षता सिद्धांताबद्दल शंका होत्या. पुढे लक्षात आलं की त्यांचं ते रूप म्हणजे केंद्राकडे वाहणारं अवकाश आणि त्यात आपल्या नेहमीच्या नियमांनी फिरणारा प्रकाश, असं वाचता येतं. अँड्र्यू हॅमिल्टन आणि जेसन लाइल यांनी 2008 च्या एका लेखात त्याला सरळ नदीचं प्रारूपच म्हटलं.

त्यात नदीचा वेग काढायचं सूत्र आहे v = √(2GM/r). दहावीच्या पुस्तकात मुक्तिवेगाचं हेच सूत्र असतं, पृथ्वीसाठी त्याचं उत्तर सेकंदाला 11.2 किलोमीटर येतं हे मुलांनी पाठ केलेलं असतं. आता तेच उत्तर वेगळं वाचायचं: जमिनीपाशी अवकाशाची नदी 11.2 किलोमीटर वेगाने खाली चालली आहे. सूर्याच्या पृष्ठभागापाशी ती 618 किलोमीटर वेगाने वाहते. तोच सूर्य दाबत दाबत तीन किलोमीटर त्रिज्येत आणला, तर नदीचा वेग प्रकाशाएवढा, सेकंदाला तीन लाख किलोमीटर होतो. सूत्र बदललं नाही, नवं बल आलं नाही. फक्त r लहान झाला. हे मुलांना स्वतः कॅल्क्युलेटरवर करता येतं, म्हणून व्हिडिओत मी या ठिकाणी आकडे पडद्यावर ठेवून निवेदन थोडा वेळ बंद ठेवते.

तरीही ही उपमाच आहे आणि तिला हद्द आहे. हद्द कुठे हे व्हिडिओतच सांगावं, असं माझं ठाम मत आहे. ते न सांगता सोडलेली उपमा मूल हद्दीबाहेर नेणारच.

पहिली हद्द वेगाची. "मोटरबोट लावली तर?" हा प्रश्न दर वाचनात येतो. खऱ्या नदीत बोट तरंगांना मागे टाकते, सहज वर निघून येते. अवकाशात प्रकाशाहून वेगवान असं काही नाही, आणि ही मर्यादा इंजिन कमी पडल्यामुळे आलेली नाही, तो निसर्गाचा नियम आहे. म्हणून नदीचा पहिला शॉट येतो तेव्हाच संहितेत वाक्य असतं: "या नदीत तरंगाहून जोरात कुणालाच पोहता येत नाही. माशाला नाही, बोटीला नाही, कुणालाच नाही." हे आधी सांगितलं तर नियम वाटतो, प्रश्न आल्यावर सांगितलं तर पळवाट वाटते.

दुसरी हद्द कक्षेची. पाणी वस्तूला घासतं, ढकलतं, सोबत ओढून नेतं. नदीची उपमा धरून ठेवलेलं मूल म्हणेल की पृथ्वीही सूर्याकडे वाहत जायला हवी, आणि आपण व्हॅक्यूम क्लीनरपाशी परत येऊ. अवकाशाच्या नदीत घर्षण नाही. तिचा नुसता वेग कोणाला खेचत नाही, तो जागोजागी बदलतो त्याचा परिणाम होतो. हे पाण्याच्या चित्रातून पंधरा वर्षांच्या मुलाला पटवता येत नाही. म्हणून मी ते पटवायला जातच नाही. सूर्याच्या जागी कृष्णविवर ठेवण्याचा प्रसंग व्हिडिओत सर्वांत आधी, कुठलीही उपमा न वापरता येतो. त्याच्यासोबत S2 नावाचा खरा तारा दाखवता येतो. तो धनू A*भोवती सुमारे 16 वर्षांत एक फेरी मारतो, आणि खगोलशास्त्रज्ञांनी त्याची पूर्ण कक्षा दुर्बिणींतून टिपली आहे. 2018 मध्ये तो अगदी जवळून, सेकंदाला सात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला आणि सुखरूप बाहेर पडला. कृष्णविवर सगळं गिळतं ही समजूत घालवायला हा एक तारा पुरतो. ती गेली की मगच नदी आणायची.

तिसरी हद्द घड्याळाची. वाहत जाणाऱ्या मासोळीचं घड्याळ नीट चालतं हे खरं, पण क्षितिजाच्या जवळ इंजिनाच्या जोरावर एका जागी टिकून राहणाऱ्या यानाचं घड्याळ दूरच्या घड्याळाच्या मानाने खरोखरच सावकाश चालतं. साध्या पाण्याची नदी हे दाखवत नाही. त्यासाठी विशेष सापेक्षता लागते. ती याच व्हिडिओत कोंबली तर दोन्ही गोष्टी अर्ध्या राहतील, म्हणून यानाची गोष्ट पुढच्या भागासाठी ठेवायची आणि या भागात यान आणायचंच नाही.

संहितेत नदीचा भाग संपतो तिथली ओळ मी अशी लिहिली आहे:

निवेदक: "रेषेच्या वर थांबलेल्या मित्राला मासोळी रेषेपाशी मंद मंद होत दिसेनाशी होताना दिसते. मासोळीला मात्र रेषा लागलीच नाही. दोघंही खरं सांगताहेत."

या तीन वाक्यांना चित्र एकच आहे. पडदा मधोमध विभागलेला, डावीकडे मित्राला दिसणारं, उजवीकडे मासोळीला दिसणारं, आणि दोन्हीकडे सेकंदांचा काटा. डावीकडच्या तरंगांमधली अंतरं वाढत जातात, उजवीकडे काटा आणि पाणी दोन्ही आपल्या चालीने चालतात. चित्रकाराला मी 29, 53 आणि 76 हे आकडे लिहून देते. अंदाजाने काढलेले तरंग सुंदर दिसले तरी कुणी व्हिडिओ थांबवून मोजले तर ते जुळले पाहिजेत. मुलं मोजतात.

शेवटचा प्रश्न सगळ्या वर्गात सारखाच असतो: धबधब्याचं पाणी खाली जाऊन जमा होतं, मग अवकाशाचं हे पाणी कुठे जातं? इथे नदी काही बोलत नाही, आणि तिला बोलायला लावणं चुकीचं होईल. धबधब्याखालचा डोह दाखवला की मुलं पलीकडे दुसरं विश्व आहे असं धरून चालतात. म्हणून आमच्या चित्रात धबधब्याचा पायथा काढलेलाच नाही. निवेदन सांगतं ते एवढंच: आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार आत गेलेलं सगळं अशा जागी पोचतं जिथे घनता अमर्याद होते, आणि अमर्याद उत्तर येणं ही तिथे समीकरणं अपुरी पडल्याची खूण आहे. त्या जागेसाठी गुरुत्वाकर्षण आणि पुंज भौतिकी यांना एकत्र बांधणारा सिद्धांत लागेल, आणि तो अजून कुणालाच पूर्ण करता आलेला नाही. हे वाक्य संपलं की व्हिडिओ संपतो. त्यापुढे संगीत नाही, फिरती आकाशगंगा नाही. आकडे तपासायचे असतील त्यांच्यासाठी v = √(2GM/r) तेवढं पडद्यावर थोडा वेळ राहतं.